मंगळवार की गुरुवार

"डॉक्टर, हा जीबीएस आहे, पोलिओ नाही. मग कळवायचं कशाला?" महापालिकेच्या लसीकरण विभागात काम करताना हे वाक्य फार ऐकावं लागतं. जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार, त्यातही पोलिओसारखे हातपाय लुळे पडतात. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयाने याच समजुतीपायी सहा वर्षांच्या एका मुलाची केस आम्हाला उशिरा कळवली.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, की निदान काहीही असो, कळवायचंच असतं. लाख मुलांमागे वर्षाला अशा किमान दोन बिगर-पोलिओ केसेस सापडायला हव्यात, हा भारतातला निकष. तेवढ्या सापडत असतील तरच 'पोलिओ एकही नाही' यावर विश्वास ठेवता येतो. मार्च 2014 मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तेही या शोधाच्या भरवशावर.

लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. त्यानंतर विषाणू बाहेर पडणं कमी होत जातं, म्हणून उशिराच्या 'निगेटिव्ह'वर भिस्त ठेवता येत नाही. त्यात या मुलाला बद्धकोष्ठ. पहिला नमुना मिळाला, दुसऱ्यासाठी डबी आणि बर्फाची पेटी घेऊन आमची नर्स वॉर्डात ताटकळत बसली. मिळाला तेव्हा फाइलनुसार चौदावा दिवस होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

फाइलमधली लुळेपणा सुरू झाल्याची तारीख मात्र मला पटेना. ती गुरुवारची, म्हणजे दाखल केल्याच्या दिवसाची होती. मी आईला पुन्हा विचारलं, "ताप कधी आला ते राहू दे ताई, पाय कधी मुडपला?" ती म्हणाली, "मंगळवारी. संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा उठला आणि तिथंच बसला. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील."

म्हणजे सोळावा दिवस.

एक सहकारी म्हणाले, "मॅडम, फाइलमधलीच लिहा. आपली टक्केवारी कशाला बिघडवता?" ऐंशी टक्के केसेसमध्ये नमुने वेळेत हवेत, हे लक्ष्य मलाही ठाऊक आहे. पण आकडा राखायला तारीख सरकवायची, तर ही पाळत हवी कशाला? मी मंगळवार लिहिला.

नमुने परळच्या प्रयोगशाळेत गेले, निगेटिव्ह आले. नमुने वेळेतले असते तर त्यावरच 'पोलिओ नाही' म्हणून केस बाद झाली असती. आता साठ दिवसांनंतर मुलाला पुन्हा तपासावं लागलं. कुटुंब तोवर गावी गेलेलं, म्हणून तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला गाठून तपासणी करून घेतली. मूल चालतं, पण उजवं पाऊल अजून घसटतं. अशक्तपणा उरलाय आणि नमुने उशिराचे, त्यामुळे निर्णय तज्ज्ञ समितीकडे. मज्जातंतूंच्या तपासणीचा अहवाल मी सोबत जोडला आहे. तो जीबीएसच सांगतो, आणि मलाही तसंच वाटतं. पण आठवडाभर आधी एक फोन आला असता, तर हे वाटण्यावर राहिलं नसतं.