विक्री प्रशिक्षणार्थी पदासाठी एका सरांचा अर्ज

आमची एजन्सी शेतीपंप विकते. कागल, मुरगूड, गारगोटी, गडहिंग्लज या पट्ट्यातली दुकानं आमच्याकडून माल घेतात. विक्री प्रशिक्षणार्थीची जागा निघाली की अर्जांसोबतची पत्रं मी स्वतः वाचतो. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. वरचं कंपनीचं नाव बदललं की तेच पत्र बँकेलाही चालेल आणि साबणाच्या कंपनीलाही. या वेळी एका माजी शिक्षकाचं पत्र आलं. पहिल्या वाचनात तेही तसंच वाटलं होतं. त्यावर ऑफिसात जो वाद झाला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सर एका विनाअनुदानित हायस्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवायचे. पत्र पानभर होतं. पहिल्या परिच्छेदात बीएस्सी, बीएड आणि टक्केवारी. दुसऱ्यात, ‘माझे संवादकौशल्य उत्तम असून ४१ विद्यार्थ्यांचा वर्ग मी प्रभावीपणे हाताळला आहे. माझ्या विषयाचा दहावीचा निकाल सलग तीन वर्षे शंभर टक्के लागला.’ तिसऱ्यात संस्थेने पगार कसा थकवला, याची तक्रार. त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ होती, ‘याशिवाय दरवर्षी मे महिन्यात प्रवेशासाठी गृहभेटी कराव्या लागत.’

आमच्या मनुष्यबळ विभागाच्या सहकाऱ्याने हा अर्ज बाजूला ठेवला होता. त्यांचं म्हणणं, शिक्षकांना बोलायची सवय असते, ऐकायची नसते. दुकानदारासमोर ते तास घेतात. बीएड दिसलं की अर्ज खाली सरकवायचा, ही त्यांची जुनी पद्धत आहे. मला ती पटत नाही, पण त्या पत्राचा दुसरा परिच्छेद त्यांच्याच बाजूने बोलत होता, हे मान्य करायला हवं.

वर्ग हाताळणं म्हणजे मन वळवणं नव्हे. तास संपेपर्यंत मूल बाकावरून उठून जाऊ शकत नाही. आमचा दुकानदार मात्र बोलणं चालू असताना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, फोन घेतो किंवा ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून विषय मिटवतो. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक होती आणि तरी तो हो म्हणाला, असा प्रसंग मला पत्रात दिसायला हवा असतो. शंभर टक्के निकालाचंही तसंच. कोल्हापूर विभागाचा दहावीचा निकाल अलीकडे नव्वदच्या वरच असतो, आणि त्यात मुलांची मेहनत, घर, क्लास यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. शिक्षक म्हणून तो अभिमानाचा विषय आहे, पण त्यावरून पंप विकता येईल की नाही हे कळत नाही.

गृहभेटींच्या ओळीशी मात्र मी थांबलो. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत सातवीपर्यंतच असते. आठवीला मूल कुठल्या हायस्कूलला जाणार हे मे महिन्यात ठरतं, आणि आसपासच्या सगळ्या हायस्कूलचे शिक्षक त्याच घरांच्या उंबऱ्यावर येऊन जातात. पट भरला नाही तर तुकडी जाते. तुकडी गेली की विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाची नोकरीच धोक्यात. ज्याने हे वर्षानुवर्षं केलंय, त्याने विक्रीचं काम केलेलंच आहे. सरांनी ते ‘करावे लागत’ या शब्दांत उरकलं होतं.

मी फोन केला. किती घरं, किती मुलं, नाही म्हणणारे काय म्हणायचे, एवढंच विचारलं. सरांकडे वही होती. शेवटच्या वर्षी ६२ घरं, त्यातून १९ प्रवेश. नकाराची कारणं मुख्यतः तीन. इंग्रजी माध्यम हवं, गाडीची सोय नाही, आणि ‘भावकीतली पोरं तिकडं जात्यात’. इंग्रजी माध्यम म्हणणाऱ्या घरात ते माध्यमावर वाद घालत नसत. घरी मुलाचा अभ्यास कोण घेतं, एवढं विचारायचे. उत्तर बहुधा ‘कोणीच नाही’ असं यायचं. मग गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, हा सेमीचा पर्याय सांगायचे आणि आदल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या त्याच गल्लीतल्या पालकांचं नाव द्यायचे. दुसरी भेट चार-पाच दिवसांनी, दोन्ही पालक घरी असतील अशा वेळी, म्हणजे सांजच्या धारा झाल्यावर.

न आलेल्या ४३ घरांबद्दलही मी विचारलं. बनवून सांगणाऱ्याला यश रंगवता येतं, नकार सांगताना तो अडखळतो. सरांनी घराघराची कारणं सांगितली. त्यातली नऊ घरं अशी होती की तिथे दुसऱ्यांदा जायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ठरवलं होतं. कुठे थांबायचं हे कळणं आमच्या कामात फार मोलाचं आहे. नवा मुलगा ज्या दुकानात चहा मिळतो तिथेच तासभर बसतो आणि ऑर्डर देणारी तीन दुकानं त्या दिवशी राहून जातात.

बोलता बोलता फीचा विषय निघाला. त्यांच्या वर्गातल्या १७ पालकांची फी थकली होती आणि वसुली वर्गशिक्षकाकडेच होती. त्यांनी वर्गात कुठल्याच मुलाचं नाव घेतलं नाही. पालकांना वेगळं भेटून दर दहा दिवसांच्या दूध बिलाला जोडून हप्ते ठरवले. ज्यांच्याकडे जनावर नव्हतं, त्यांचा हप्ता ऊस बिलावर. वार्षिक परीक्षेआधी १४ जणांनी पूर्ण भरली आणि एकही मूल शाळा सोडून गेलं नाही. हे पत्रात का नाही, असं विचारल्यावर सर म्हणाले, “फी मागत फिरायचो हे नोकरीच्या अर्जात कसं लिहायचं, सर?”

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. आमच्या धंद्यात माल दुकानात पोचवण्यापेक्षा पैसे परत आणणं अवघड असतं. दुकानदाराला ठरावीक दिवसांची उधारी असते, त्याच्याकडचा शेतकरी कारखान्याचं बिल आलं की देतो म्हणतो, आणि वसुलीला गेलेला माणूस संबंध बिघडवून आला तर पुढच्या हंगामाची ऑर्डर दुसऱ्या कंपनीकडे जाते. समोरच्याच्या हातात पैसा कधी येतो हे ओळखून मागणी करायची, हे शिकवायला आम्हाला खूप वेळ लागतो. ते ज्याला येतं, तो ते लपवत होता. शाळांनी शिक्षकांवर ही कामं लादली आणि वर त्यांना मान दिला नाही, त्याचा हा परिणाम आहे असं मला वाटतं.

सरांना मी सांगितलं, मला जे बोललात तेच लिहून पाठवा, एका पानात. नवं पत्र आलं, त्याची सुरुवात अशी होती:

‘विक्री प्रशिक्षणार्थी पदासाठी अर्ज करीत आहे. शिक्षक म्हणून माझ्या शेवटच्या वर्षी आठवीच्या प्रवेशासाठी मी ६२ घरांना भेटी दिल्या आणि १९ प्रवेश मिळाले. बहुतेक पालकांनी पहिल्या भेटीत नकार दिला होता. त्याच वर्षी थकीत फी असलेल्या १७ पैकी १४ पालकांकडून, दूध व ऊस बिलाच्या तारखांना हप्ते जोडून, पूर्ण वसुली केली.’

पदव्या दोन ओळींत खाली गेल्या होत्या. संस्थेबद्दलची तक्रार जाऊन तिथे एकच वाक्य होतं, ‘नियमित वेतन आणि कामाच्या निकालावर वाढ मिळेल अशा क्षेत्रात येण्यासाठी मी शाळा सोडली आहे.’ जुन्या मालकाबद्दल खरी तक्रारही पत्रात नको. वाचणाऱ्याला ती तपासता येत नाही आणि उद्या हा आमच्याबद्दल दुकानात काय बोलेल, अशी शंका उगाच येते. शेवटी कामाच्या गोष्टी होत्या. दुचाकी आणि परवाना आहे, कार्यमुक्तीचा दाखला हातात आहे, कामापुरतं कन्नड बोलता येतं. गडहिंग्लजच्या पट्ट्यात, संकेश्वरच्या बाजूची गिऱ्हाइकं येतात तिथे, कन्नडची ही ओळ टक्केवारीपेक्षा उपयोगी आहे.

मधला परिच्छेद मात्र मी सुचवलेला नव्हता. पंपांच्या दोन दुकानांत जाऊन सरांनी सगळ्यात जास्त तक्रार कशाची येते ते विचारलं होतं. दोन्हीकडे उत्तर एकच, पाणी कमी येतं म्हणून शेतकरी पंप परत आणतो. त्यावर त्यांनी लिहिलं होतं की विहिरीतल्या पाण्यापासून शेतातल्या टाकीपर्यंतची उभी उंची आणि पाइपमधलं घर्षण मिळून पंपाला किती हेड पडतं, हे घेतानाच मोजलं तर यातल्या बऱ्याच तक्रारी टळतील. अरुंद आणि लांब पाइपला जास्त एचपीचा पंप जोडल्याने वीज वाया जाते, पाणी त्या प्रमाणात वाढत नाही. ‘हे मी गिऱ्हाइकाला कागदावर दोन रेघांत दाखवू शकतो,’ असंही सरांनी लिहिलं होतं. शिक्षकाचं समजावणं आमच्या कामी येतं ते इथे. शेतकरी शेजाऱ्याचा साडेसात एचपी बघून तोच मागतो, दुकानदार विकून मोकळा होतो, आणि चुकीच्या निवडीचा दोष पंपावर येतो. आमच्या जुन्या माणसांपैकी निम्म्यांना हा हिशेब नीट मांडता येत नाही.

पत्र सहकाऱ्यापुढे ठेवलं तर त्यांचा आक्षेप आला, “हे तुम्ही सांगून लिहून घेतलंय. बाकीच्या उमेदवारांना असा फोन कुठे गेला?” पहिला भाग मला मान्य नाही. आकडे सरांचे आहेत, नकारांची कारणं त्यांची आहेत, दुकानांत ते स्वतःहून गेले. मी फक्त कशाबद्दल लिहायचं ते सांगितलं. दुसऱ्या भागाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्याच गठ्ठ्यात आणखी दोन शिक्षकांचे आणि एका अंगणवाडी सेविकेचा असे अर्ज होते. त्यांच्याही वह्या असतील. पुढच्या जाहिरातीत आम्ही एक ओळ घालणार आहोत, ‘पत्रात असा एक प्रसंग लिहा, जिथे समोरच्याने आधी नाही म्हटले आणि नंतर हो, आकड्यांसह.’ या तिघांनाही तोच प्रश्न पाठवायचा, असं मी सुचवलंय. सहकारी अजून तयार नाहीत.

पत्रावरून एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे ऑर्डर मागता येते का. गृहभेटीत पालक शेवटी स्वतःच शाळेत येऊन दाखला देतो. दुकानात मात्र ‘मग किती नग लिहू?’ असं विचारून गप्प बसावं लागतं, आणि ती शांतता समजावून सांगायची सवय असलेल्या माणसाला सहन होत नाही. तो पुन्हा बोलायला लागतो आणि दुकानदार सुटतो. म्हणून सरांची मुलाखत ऑफिसात न घेता त्यांना एक दिवस मुरगूडच्या रूटवर न्यायचं ठरलंय. सकाळची दुकानं आमचा माणूस करेल, दुपारची सर करतील. सोबत सहकाऱ्यांनाही बसवणार आहे.