गादीवाला ब्रश

कंगव्याचं एक बरं असतं, त्याचा मळ दिसतो, दात्यांच्या मुळाशी काळपट रेघ आली की कळतं आता धुवायला झाला. गादीवाला ब्रश मात्र लबाड. वरचं गुंतवळ ओढून काढलं की चकाचक वाटतो, आणि खाली काड्यांच्या बुडाशी राखाडी लव तशीच बसलेली असते. ही लव म्हणजे नुसती धूळ नव्हे, टाळूची सुटलेली कातडी, टॉवेलचे धागे, तुटके केस, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा टाळूचा तेलकटपणा. सकाळी केस धुतले आणि ब्रश फिरवल्या फिरवल्या परत चिपचिपीत झाले तर शांपूला शिव्या घालण्याआधी ब्रश एकदा उजेडात धरून बघा.

घाई करून आधीच नळाखाली धरायचा नाही. लव ओली झाली की तिचा लगदा होतो आणि तो काड्यांना जो चिकटतो तो सुटता सुटत नाही, म्हणून जे काय उपटायचं ते कोरडं असतानाच. कंगव्याची टोकदार शेपटी नाहीतर टूथपिक ओळींच्या मधून सरकवायची, केस वर उचलायचे, फारच गुंतलेत तर कात्रीने मधेमधे कापायचे आणि मग ओढायचे. (हे काम करताना कमालीचं समाधान मिळतं, का ते विचारू नका.)

मग वाटीभर कोमट पाणी, त्यात थोडा शांपू. नुसत्या पाण्याने तेल हलत नाही, आणि शांपू बनवलाय मुळी टाळूचं तेल काढायलाच, त्यामुळे वेगळं काही आणायची गरज नाही. कंगवा प्लास्टिकचा असेल तर खुशाल 10-15 मिनिटं बुडवून ठेवा, लाकडी मात्र भिजवायचा नाही, फुगतो नाहीतर तडकतो. पाणी उकळतं नको, प्लास्टिक वाकडं होतं आणि ब्रशच्या गादीचा गोंद सुटतो.

गादीवाला ब्रश तर बुडवायचाच नाही. गादीला बरेचदा एक बारीक भोक असतं, दाबली की आतली हवा तिथून बाहेर जाते म्हणून तर ती लवचिक. पण त्याच भोकातून पाणी आत शिरतं आणि मग निघायचं नाव नाही, आतल्या आत कुबट वास, बुरशी. म्हणून ब्रश काड्या खाली करून धरायचा आणि जुन्या टूथब्रशला फेस लावून खालूनच घासायचं, तसाच खाली धरून पटकन खळबळायचा. तरी शंका असेल तर गादी दाबा, भोकातून बुडबुडा किंवा थेंब आला म्हणजे पाणी शिरलंय, भोक खाली करून थोडं थोडं दाबत काढा. वाळवायचा पण काड्या खाली करूनच, टॉवेलवर, रात्रभर. हेअर ड्रायरची गरम हवा नको, परत तोच गोंद.

आणि धुताना काड्यांच्या टोकावरच्या गोळ्या बघून घ्या. बऱ्याच गळल्या असतील तर उघडी टोकं टाळूला ओरखडतात, त्याला शांपू काय करणार, तो ब्रश टाकूनच द्या.