विषयच टाइप केला नव्हता, आणि निबंध आले ३४

मी निबंध तपासायचं काम करते. वर्ग दुसऱ्या कुणाचा असतो, पेपर ऑनलाइन येतात, मी गुण आणि शेरे देते. यावेळी गठ्ठा उघडला तर सूचनेच्या रकान्यात एवढंच, 'वर्गात दिलेल्या विषयावर निबंध लिहा. ३०० शब्द. २० गुण.' विषय कुठेच नाही. ज्या सरांनी तो दिला ते रजेवर, फोन बंद, आणि गुण भरायची मुदत जवळ आलेली.

बाहेरच्यांना वाटतं शीर्षक बघा की, कळेल. पण शीर्षकावर माझा सगळ्यात कमी विश्वास, कारण मुलं ते एकमेकांना विचारून लिहितात आणि एकाने चुकीचं सांगितलं की दहाजणांचं चुकतं. इथे तर काहींनी वर ठळक अक्षरात 'वर्गात दिलेला विषय' हेच शीर्षक दिलेलं! उरलेल्या बहुतेकांचं 'मोबाइलविना एक दिवस', नाहीतर त्याच्याच जवळपास जाणारं काहीतरी. विषयाला धरून लिहिण्याचे ८ गुण असतात, त्यामुळे विषय नक्की माहीत असल्याशिवाय पेन उचलता येत नाही.

मग मी गुण न देता सगळे निबंध नुसते वाचून काढले. अशा वेळी मुलांनी काय लिहिलंय तेवढं बघून भागत नाही, काय लिहायचं राहून गेलंय ते बघावं लागतं. मोबाइल नसलेला दिवस म्हटल्यावर मुलगा पहिल्यांदा काय लिहील? गेम, व्हिडिओ, फोटो, मित्रांचे मेसेज. इथे ते जवळजवळ नव्हतंच. होतं काय, तर रिंगटोन वाजणार नाही, अलार्म वाजणार नाही, मेसेज आल्याची टिंग नाही. एका मुलीने तर मोबाइलच्या निबंधात मधेच घड्याळाची टिकटिक आणि शाळेची घंटा आणली होती, आणि पुढच्याच वाक्यात परत मोबाइल. मोबाइलवरच्या निबंधात घंटेचं काय काम? तिथे मला खात्री पटली की मूळ विषय आवाजाचा आहे आणि मोबाइल त्यात नंतर शिरलाय.

एक निबंध मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा. त्यात मोबाइलचं नाव नाही. सकाळी जाग आली तर पंखा फिरतोय पण ऐकू येत नाही, आई ओठ हलवतेय, आणि मुलगा स्वतःचे हात एकमेकांवर आपटून बघतोय. माझ्या सहकाऱ्याने तो बघून लगेच म्हटलं, 'विषय सोडून, ८ पैकी शून्य दे.' मला हे अजिबात पटलं नाही. बहुमतावरून विषय ठरवणं ही तपासनिसांची फार वाईट सवय आहे, वर्गाने मिळून चुकीचं ऐकलेलं असू शकतं हे कुणी धरतच नाही. तो पेपर मी बाजूला ठेवला आणि मुदत वाढवून मागितली.

सर परत आले तेव्हा कळलं. विषय होता 'आवाज नसलेला एक दिवस', फळ्यावर लिहून नंतर पुसलेला. चर्चेत एक मुलगा म्हणाला, 'म्हणजे मोबाइल सायलेंटवर!' वर्ग हसला आणि तेच डोक्यात बसलं. गैरहजर मुलांना संध्याकाळी विषय कळला तो मोबाइलचाच.

पण खरी अडचण पुढे. निबंधांवरून मला विषयाचा वास लागला तरी त्या विषयाचं करायचं काय होतं ते कळत नव्हतंच. कल्पना करून वर्णन करायचं, की आवाजाचं महत्त्व पटवून द्यायचं? दोन्हींची तपासणी वेगळी, एकात प्रसंग किती जिवंत झालाय ते बघायचं, दुसऱ्यात मुद्दा आणि त्याला आधार. सरांनी वर्गात हे सांगितलं होतं का, तर त्यांनाही नक्की आठवेना! आणि त्यांचं म्हणणं, मोबाइलवाल्यांचे सरसकट ४ गुण कापा. मी सरळ नाही म्हटलं. फळा पुसला त्यांनी, रकान्यात विषय टाकला नाही त्यांनी, ती सूचना बिनतक्रार घेतली सिस्टीमने, मग भुर्दंड मुलांना का? शेवटी ठरलं की निबंधात कुठेही आवाज नसण्याचा परिणाम दाखवला असेल तर ८ पैकी पूर्ण गुण शक्य, मग निमित्त मोबाइलचं का असेना. घंटा आणि टिकटिकवाली मुलगी त्यात छान बसली. वर्णन आणि युक्तिवाद दोन्ही चालतील, पण निबंधाने जी वाट धरलीय त्याच वाटेने तपासायचं.

तरी दोन पेपर राहिलेत. दोघं त्या दिवशी गैरहजर, दोघांनी निव्वळ मोबाइलच्या व्यसनावर लिहिलंय, आवाजाचा शब्द नाही, आणि लिहिलंय मात्र चांगलं. जो विषय त्यांना मिळाला त्याला ते पूर्ण धरून आहेत. माझं म्हणणं, आता लेखी विषय देऊन त्यांच्याकडून परत लिहून घ्या. सर म्हणतात, मित्राला नीट विचारायचं होतं. त्यांच्या नावापुढचा रकाना मी अजून भरलेला नाही.