पहिला परिच्छेद शेवटी लिहा

तुम्ही विचारलंत म्हणून: "माहिती चांगली असते, मेहनतही घेते, तरी लोक दोन ओळी वाचून निघून जातात. सुरुवात नेमकी कशी करायची?"

माझ्याकडे संपादनासाठी येणारे बरेच माहितीपर लेख एकाच वाक्याने सुरू होतात: "आजच्या धावपळीच्या युगात मोबाइल ही काळाची गरज बनली आहे." मोबाइलच्या जागी विमा, व्यायाम, इंटरनेट काहीही घाला, वाक्य तसंच चालतं. म्हणून ते काढायचं. बॅटरी लवकर उतरते म्हणून वैतागून आलेल्या माणसाला मोबाइलचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

मग सुरुवात शोधायची कुठे? बहुतेक वेळा ती लेखातच तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. बॅटरीवरच्या अशाच एका लेखात खाली कुठेतरी उशीखाली फोन ठेवण्याचा उल्लेख होता. तो वर आणला आणि सुरुवात अशी झाली:

"रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवत असाल, तर बॅटरी दोन कारणांनी झिजते. उशीखाली ती तापते आणि सकाळपर्यंत १०० टक्क्यांवर राहते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय अनेक फोनमध्ये असते. ती कशी सुरू करायची आणि बॅटरी बदलायची वेळ आली आहे का हे कसं ओळखायचं, ते इथे वाचा."

पहिल्या वाक्यात वाचकाला स्वतःची सवय दिसते. पुढच्या वाक्यात त्यामागचं कारण लगेच हाती पडतं, टांगून ठेवलेलं नाही. सगळं आधीच सांगितलं तर पुढे कोण वाचेल, अशी भीती लिहिणाऱ्यांना वाटते. मला उलट वाटतं: पहिल्या तीन ओळींत काहीतरी खरं मिळालं, की पुढेही मिळेल असा भरवसा बसतो.

शेवटच्या वाक्याकडे मात्र नीट लक्ष द्या. "बॅटरीची काळजी कशी घ्यावी हे जाणून घेऊया" यातून वाचकाला काय मिळणार ते कळत नाही. "सोय सुरू करायची" आणि "ओळखायचं" ही वाचकाला लेख संपल्यावर करता येतील अशी कामं आहेत. शब्द दिला की लेखात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे: हे इथे दिलंय, ते तिथे. एखादी गोष्ट सापडली नाही, तर एक तर लेखात ती भरा, नाही तर सुरुवातीतून काढा. "बॅटरी कधीच खराब होणार नाही" असं लिहायचा मोह होतो. पण लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि वयाने झिजतेच, आपण फक्त वेग कमी करू शकतो. ते वाक्य वाचून जाणकार वाचक तिथेच उठून जाईल, आणि नवख्याची फसगत होईल.

म्हणूनच मी पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहिते. लेख पूर्ण झाल्याशिवाय आपण काय देणार आहोत हे मलाही पक्कं ठाऊक नसतं. ललित लेखाला किंवा कथेला यातलं काही लावू नका. तिथे वाचक काम उरकायला आलेला नसतो.