गाळ निघाला आणि बारवेला पाणी सुटलं

मी भूजलाचं काम करतो, म्हणजे विहिरींची पातळी मोजत फिरायचं. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका गावाने आपल्या बारवेचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, गाळ काढला आणि शेवटच्या दिवशी, पाणी परत किती येतं ते बघायला मला बोलावलं.

चौकोनी बारव, वर साधारण १५ बाय १५ मीटर आणि टप्प्याटप्प्याने अरुंद होत तळाला ६ बाय ६. वरच्या भागात घडीव दगड आहेत पण सांध्यात चुना अजिबात नाही, खाली थेट कातळ. चुना न घालण्यातच खरी करामत आहे. पावसाळ्यात आजूबाजूच्या मुरमात पाणी भरतं, ते दगडांच्या फटीतून आत पाझरतं आणि मागे दाब साचत नाही. मुरूम आटला की मग खालच्या कातळाच्या भेगा पाणी देतात, आणि याच भेगा गाळाने बुजल्या होत्या.

दुपारी मोटर लावून तळ कोरडा केला, भेगा लोखंडी सळईने मोकळ्या केल्या, आणि पूर्वेच्या कोपऱ्यातून पाणी यायला लागलं. पोरं ओरडलीच! मी पट्टी लावून बसलो. अर्ध्या तासात १० सेंटीमीटर चढलं, तळ ३६ चौरस मीटरचा, म्हणजे ३,६०० लिटर, तासाला ७,२०० च्या आसपास. अर्थात हा वेग टिकत नाही, आतलं पाणी बाहेरच्या भूजलाच्या पातळीजवळ जाईल तसा कमी होत जातो. म्हणून दिवसा उपसायचं, रात्री भरू द्यायचं. साठा खरं तर बाहेरच्या खडकात असतो.

एका आजोबांनी विचारलं, "सायेब, मग एवढ्या पायऱ्या कशाला केल्या, सरळ आड खांदला असता की." म्हटलं आबा, एक तर पाणी कितीही खाली गेलं तरी माणूस तिथवर चालत जातो. दुसरं, उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडालं असं धरा, १५ मीटरच्या चौकोनातून २,२५० लिटर जाईल, तळच्या ६ मीटरच्या चौकोनातून फक्त ३६०. पातळी उतरते तसं उघडं पाणीही आक्रसत जातं, ऐन कडक उन्हात.

एक गोष्ट मात्र खटकली. काही वर्षांपूर्वी कोणीतरी उत्तरेच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरलेत. तिथेच दगडावर पांढरे क्षार आलेत आणि भिंत मधोमध पोटासारखी पुढे आलीय, म्हणजे पावसाळ्यात मागे अडलेलं पाणी ढकलतंय. सरपंचांना स्पष्ट सांगितलं, जूनच्या आत हे सिमेंट हाताने, छिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका, आणि भिंत धरायला आधी टेकू द्या. आणि आसपास बोअर फार खोल गेले तर भेगांतलं पाणीच खाली निघून जाईल, मग कितीही गाळ काढा, पाणी येणार नाही. त्यावर सगळे जरा गप्प झाले, कारण गावात बोअर बरेच आहेत.