नाखव्याचा चेक आणि 177 रुपये

हर्णै बंदरापासून जवळच्या एका बँकेच्या शाखेत मी क्लिअरिंगचं, म्हणजे बँकांमधले चेक वटवून घेण्याचं टेबल बघते. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे 2025 च्या, एका नाखव्याच्या खात्यात एका दुपारपुरता जो गुंता झाला, तो लिहून ठेवावासा वाटतो. चेक भरल्यावर पैसे खात्यात ‘दिसणं’ आणि पैसे आपले ‘होणं’ यांतलं अंतर किती महागात पडू शकतं, ते त्या दिवशी मी अगदी जवळून पाहिलं.

नाखव्याला मुंबईच्या एका मासळी व्यापाऱ्याकडून 1,86,000 रुपयांचा चेक मिळाला होता. मंगळवारी संध्याकाळी हातात आला, बुधवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी, म्हणून तो दोन दिवस त्यांच्या खिशातच राहिला. त्यात एकदा ते बोटीवरही जाऊन आले. गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर त्यांनी तो शाखेच्या दारातल्या पेटीत टाकला. पेटी शुक्रवारी सकाळी उघडली. कागद कडेने वळलेला होता, सहीच्या शेजारी खाऱ्या पाण्याचा तपकिरी डाग पसरला होता, पण नाव, रक्कम, सही सगळं डोळ्यांनी नीट वाचता येत होतं.

पेटीत संध्याकाळी टाकलेला चेक त्या दिवसाचा धरला जात नाही. क्लिअरिंगला पाठवायची वेळ तेव्हा सकाळी 10 ते दुपारी 4 होती. चारनंतर आलेला कागद दुसऱ्या दिवशीच्या कामात जायचा. ‘गुरुवारी टाकला’ असं नाखवा म्हणत होते, बँकेच्या हिशेबात मात्र तो शुक्रवारचा होता. काउंटरवर दिला असता तर हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं आणि स्लिपच्या फाट्यावर शिक्काही मिळाला असता.

आता कागद प्रवास करत नाही, त्याचं चित्र करतं. स्कॅनर चेकच्या पुढच्या बाजूचं एक करडं आणि एक काळंपांढरं, आणि मागच्या बाजूचं एक अशी तीन चित्रं घेतो, आणि खालच्या पट्टीतल्या चुंबकीय शाईच्या आकड्यांसह ती व्यापाऱ्याच्या बँकेकडे जातात. 4 ऑक्टोबर 2025 पासून हे दिवसभर चालू राहतं. त्याआधी चेक गठ्ठ्याने जायचे आणि उत्तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी यायचं. आता समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत ‘मंजूर’ किंवा ‘परत’ असं कळवायचं असतं. कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. मंजुरी येऊन बँकांमधला हिशेब पुरा झाला, की तासाभरात पैसे ग्राहकाला वापरायला मोकळे करायचे असतात.

शुक्रवारी सव्वादहाला चेक गेला. गेल्याबरोबर आमच्या सिस्टिमने नाखव्याच्या खात्यात ती रक्कम चढवली, पण अडवून. त्यांच्या मोबाइलवर वर मोठ्या आकड्यांत 2,00,300 रुपये दिसत होते. खाली बारीक अक्षरात ‘उपलब्ध शिल्लक 14,300’. माणूस वरचा आकडा बघतो. त्यांनीही तोच बघितला असणार. बर्फाच्या कारखान्याला त्यांनी आदल्या दिवशी 48,000 चा चेक दिला होता, तो दुसऱ्या बँकेतून त्याच सकाळी आमच्याकडे वसुलीला आला.

अपुऱ्या शिलकीच्या चेकांची यादी दुपारी शाखेला येते. त्यात नाखव्याचं नाव बघून मी फोन केला.

‘‘नाखवा, बर्फवाल्यांचा चेक आलाय. खात्यात चौदा हजार तीनशेच आहेत.’’

‘‘मॅडम, दोन लाख दिसतात माझ्या मोबाइलवर. सकाळीच बघितले.’’

‘‘ते अजून तुमचे झालेले नाहीत. व्यापाऱ्याच्या बँकेने हो म्हटलं की होतील. तोपर्यंत त्यातून काही देता येत नाही.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, ‘‘नाही भरले तर?’’ मी खरं ते सांगितलं. चेक परत जाईल, त्याचे आमच्याकडचे 500 आणि वर 18 टक्के जीएसटी मिळून 590 रुपये तुमच्या खात्यातून जातील, बर्फवाल्याची बँकही त्याच्याकडून शुल्क घेईल आणि तो ते तुमच्याकडेच मागेल. ऐन हंगामात बर्फ बंद झाला तर बोट धक्क्यालाच राहते, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती.

साडेतीनच्या सुमारास ते आले. सुकी मासळी विकणाऱ्या बहिणीकडून पैसे आणले होते. दहा, वीस, पन्नासच्या नोटांची पुडकी, बरोबर 33,700. चौदा हजार तीनशे अधिक हे, झाले अठ्ठेचाळीस हजार. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. कॅशियरने मोजून घेतले आणि नाखवा निघून गेले.

साडेचारनंतर मी यादी पुन्हा उघडली, तर बर्फाचा चेक अजून लालच. कमी पडत होते 177 रुपये.

खात्याचा उतारा काढला. दोन नोंदी एकाखाली एक होत्या. पहिली, 1,86,000 परत. दुसरी, चेक परतीचं शुल्क 150 आणि जीएसटी 27. व्यापाऱ्याच्या बँकेने चेक परत पाठवला होता आणि सिस्टिमने आपणहून दंड कापला होता. कारणाचा कोड होता 39: चित्र स्पष्ट नाही, कागदासह पुन्हा सादर करा. पैशांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. काळ्यापांढऱ्या चित्रात तपकिरी डाग पूर्ण काळा झाला होता आणि सहीचं अर्ध वळण त्यात बुडालं होतं.

ग्राहकाने इथे लक्ष द्यावं असं मला कळकळीने वाटतं. चेक परत येण्याची कारणं दोन जातींची असतात. खात्यात पैसे नाहीत, सही जुळत नाही, पैसे द्यायला खातेदारानेच मनाई केली, ही एक जात. चित्र अस्पष्ट, चुकीच्या बँकेकडे गेला, एकच चेक दोनदा नोंदला गेला, संपर्क तुटला, ही दुसरी. ग्राहकाची चूक असेल तरच परतीचं शुल्क घ्यावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ज्या कारणांत ग्राहक दोषी नाही त्यांची यादीही तिने दिली आहे. 39 त्या यादीत आहे. अशा तांत्रिक कारणाने परत आलेला चेक ग्राहकाला हेलपाटा न घालता बँकेनेच सुट्ट्या वगळून 24 तासांच्या आत पुन्हा पाठवायचा असतो आणि ग्राहकाला तसं कळवायचं असतं.

मी उतारा आणि परतीचा तपशील घेऊन व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. शुल्क उलटवायला त्यांची मंजुरी लागते. त्यांनी कोड बघितला आणि लगेच मंजुरी दिली. पावणेसहाला 177 रुपये खात्यात परत आले, शिल्लक पुन्हा 48,000 झाली आणि बर्फाचा चेक वटला. सहाला आमच्या केंद्राची यादी बंद होते. तोवर कुणी उतारा उघडला नसता, तर बँकेनेच चुकीने कापलेल्या 177 रुपयांपायी नाखव्याचा चेक परत गेला असता आणि त्यावर 590 चा दंड बसला असता. या विचाराने मला आजही राग येतो. शुल्क कापणारी यंत्रणा कोड वाचू शकते. मग कोणत्या कोडला कापायचं नाही, हेही तिला शिकवून ठेवायला हवं.

दुसरा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी सकाळी मी चेक जाड पुस्तकाखालून काढला, स्कॅनरची काच पुसली, उजेड वाढवून पुन्हा स्कॅन केला. या वेळी सही डागातून सुटी दिसली. मूळ कागद मागितला तर देता यावा म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी तो पुन्हा परत आला. कोड 01, अपुरी शिल्लक.

म्हणजे खरं दुखणं शुक्रवारी डागाखाली लपलं होतं. पुन्हा 177 कापले गेले आणि या वेळी ते मला उलटवता आले नाहीत. अपुरी शिल्लक हे कारण त्या यादीत नाही, म्हणून बँका चेक भरणाऱ्याकडूनही शुल्क घेतात. नाखवा विचारत होते, ‘‘माझी काय चूक?’’ माझ्या मते काहीच नाही. समोरच्याच्या खात्यात किती आहेत हे भरणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पण शुल्कपत्रकात ते आहे, आणि तेच मी त्यांना उघडून दाखवलं. तो भुर्दंड व्यापाऱ्याकडून मागून घ्या, असंही सुचवलं.

त्याहून महत्त्वाचा होता रिटर्न मेमो, म्हणजे चेक कोणत्या कारणाने परत आला ते लिहिलेला बँकेचा कागद. मंगळवारी, 11 नोव्हेंबरला, मूळ चेक आणि मेमो मी त्यांच्या हातात दिला आणि पोच घेतली. त्या तारखेपासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली तक्रार. ती करायला मुंबई गाठावी लागत नाही. ज्या शाखेत आपलं खातं आहे तिथल्या कोर्टात ती चालते, 2015 च्या दुरुस्तीने तसं स्पष्ट झालं आहे. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो पुन्हा भरताही येतो. पण व्यापाऱ्याकडून पैसे जमा झाल्याचा शब्द मिळाल्याशिवाय भरू नका असं मी म्हटलं, कारण प्रत्येक परतीला 177 आहेतच.

नाखव्यांनी दापोलीच्या वकिलाकडून नोटिशीचा मसुदा करून घेतला आणि त्याचा फोटो आधी व्यापाऱ्याला पाठवला. पुढच्या सोमवारी एनईएफटीने 1,86,000 आले. शुल्काचे पैसे आले नाहीत. व्यापारी मूळ चेक मागत होता. नाखव्यांनी आधी पासबुकात नोंद छापून घेतली, उपलब्ध शिलकीचा आकडा माझ्याकडून वाचून घेतला, चेकची आणि मेमोची झेरॉक्स काढून ठेवली, आणि मगच चेक परत पाठवला.