मीटर पलटला त्या फेरीचा हिशेब

स्कूटरच्या वहीत या महिन्यात एक गमतीची ओळ पडली. इंदूरच्या रामबागेतून ओंकारेश्वरला निघताना मीटरवर ९९९६२.४ होतं आणि संध्याकाळी घरी आल्यावर ००१२१.८. शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा केला की झालं, असं आपण नेहमी म्हणतो. इथे तसं केलं तर उत्तर येतं उणे ९९८४०.६ किलोमीटर. सिमरोल ओलांडून घाटाच्या बाजूला लागलो तेव्हा पाच नऊ एकदम सरकले आणि पाच शून्यं वर आली. ते बघायला मुद्दाम गाडी कडेला घेऊन हळूहळू चालवली, हे कबूल करायला हरकत नाही.

उपाय सोपा आहे. पाच आकडी मीटर ९९९९९.९ नंतर परत शून्यावर येतो, म्हणजे एक लाख किलोमीटर त्याच्या आठवणीतून गळतात. ते आपण परत घालायचे: १००१२१.८ वजा ९९९६२.४, बरोबर १५९.४ किलोमीटर. वही कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर शीटमध्ये सुरुवात A2 मध्ये आणि शेवट B2 मध्ये घालून हे सूत्र लावा, पलटलेली आणि न पलटलेली अशी दोन्ही रीडिंग ते सांभाळतं:

```
=MOD(B2-A2,100000)
```

याचा आणखी एक फायदा मला आवडतो. टिपताना आकडे उलटसुलट झाले आणि शेवटचं रीडिंग सुरुवातीपेक्षा थोडं कमी लिहिलं गेलं, तर हे सूत्र नव्व्याण्णव हजारांच्या घरातलं उत्तर देतं. इंदूरहून एका दिवसात एवढं कोणी जात नाही, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरते.

आता आकडा वाचण्याबद्दल, कारण वजाबाकीपेक्षा गडबड तिथेच जास्त होते. आपल्या जुन्या मीटरमध्ये उजवीकडचं वेगळ्या रंगाचं चाक दशांशाचं असतं. तो सहावा आकडा पूर्ण किलोमीटर समजून वाचला की १५९.४ चे १५९४ होतात. दुसरी खोच बारीक आहे. दशांशाचं चाक नवावरून शून्याकडे जात असताना शेजारचं एककाचं चाकही सोबत उचललं जातं आणि खिडकीत दोन आकडे अर्धे अर्धे दिसतात. बडवाहच्या चहाच्या टपरीवर नेमकं हेच झालं: एककाच्या खिडकीत ५ वर निघालेला, ६ खालून डोकावणारा, आणि दशांश नवाच्या पुढे सरकलेला. अशा वेळी दशांशाचं चाक शून्यावर पोचलेलं नसेल तर एककाचा लहान आकडा घ्यायचा. म्हणजे २५.९, २६.९ नव्हे. मीटरकडे तिरकं बघितलं तरी आकडा सरकल्यासारखा वाटतो, म्हणून गाडी स्टँडवर लावून समोरूनच वाचतो.

नव्या गाड्यांच्या डिजिटल मीटरवर बहुतेक ठिकाणी पूर्ण किलोमीटरच दिसतात आणि पुढचा भाग कापला जातो. ४२१० दिसत असेल तर खरं अंतर ४२१०.० ते ४२१०.९ मध्ये कुठेही असू शकतं. दोन्ही टोकांना असं असल्यामुळे वजाबाकी जवळजवळ एक किलोमीटर इकडे किंवा तिकडे जाऊ शकते. शंभर किलोमीटरच्या फेरीत ते चालतं, पण घर ते छप्पन दुकान मोजायला बसलात तर त्या उत्तराला काही अर्थ नाही. ट्रिप मीटर असेल तर छोट्या अंतराला तोच वापरा.

मधले थांबेही टिपून ठेवतो. ओंकारेश्वरच्या पार्किंगला ०००४१.९ होतं. म्हणजे जातानाचे ७९.५ आणि येतानाचे ७९.९. परतताना पेट्रोलसाठी जरा आत वळलो होतो, तेवढाच फरक. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे मीटरची केबल वाटेत सुटली नव्हती. या स्कूटरला केबल पुढच्या चाकातून येते; ती तुटली तर आकडा थिजतो आणि गाडी मात्र चालत राहते. फक्त सुरुवात आणि शेवट टिपले असते तर असं तुटणं कळलंच नसतं. नर्मदेवरचा झुलता पूल आणि देवळापर्यंतची पायपीट अर्थातच यात नाही. मीटर गाडीचं अंतर सांगतो, माणसाचं नाही, आणि मामेभाऊ मधेच गाडी घेऊन पान आणायला गेला तर तेही तुमच्याच खात्यात जमा होतं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली. वजाबाकीत जुनी खोट आपोआप निघून जाते. मीटर पूर्वी कधी बदललेला असो, वर्षभर बंद पडलेला असो, सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यात ती खोट सारखीच बसलेली असते, त्यामुळे फरक काढताना ती जाते. पण मीटर प्रत्येक किलोमीटरला थोडं थोडं जास्त मोजत असेल तर ती चूक वजाबाकीने जात नाही, अंतराबरोबर वाढत जाते.

माझ्या गाडीला ३.५०-१० चा टायर आहे. त्याचा घेर साधारण १.३५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ७४० फेरे. मीटर फेरे मोजतो, मीटर-सेंटीमीटर त्याला कळत नाहीत. टायरची नक्षी ४ मिलिमीटर झिजली की घेर २५ मिलिमीटरने कमी होतो, जवळपास दोन टक्के. त्याच रस्त्याला फेरे जास्त लागतात आणि मीटर अंतर फुगवून सांगतो. हवा कमी असेल तरी त्याच दिशेने, पण थोडंसं.

ते तपासायला देवासच्या बाजूला किलोमीटरचे दगड जागेवर आहेत असा सरळ पट्टा निवडला. वीस किलोमीटरच्या दगडांमध्ये मीटर २०.४ सरकला. पाच किलोमीटरवर हे करू नका. दशांशाचं चाक वाचताना अर्धा घर इकडे तिकडे होतंच, आणि पाचात त्याचा वाटा एक टक्का होतो, विसात पाव टक्का. रस्ता रुंद करताना दगड हललेले असतात, म्हणून फोनच्या जीपीएसवरही तोच पट्टा ताडून पाहिला. घाटातल्या वळणांवर मात्र जीपीएसवर विसंबू नका, तो वळणं छाटतो आणि गाडी उभी असतानाही आकडा वाढवतो.

२० भागिले २०.४ म्हणजे ०.९८. त्या हिशेबाने ओंकारेश्वरची फेरी १५९.४ गुणिले ०.९८, साधारण १५६.२ किलोमीटर. तीन किलोमीटर मीटरने आपल्या मनाने घातले. मायलेज काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्या: तीन लिटर पेट्रोलवर कच्चा हिशेब ५३ सांगतो, सुधारलेला ५२.

मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "भिया, मीटर तो सही है, टायर घिस गया है." पुढच्या आठवड्यात पुढचा टायर बदलतोय. त्यानंतर त्याच पट्ट्यावर परत मोजीन. नवा टायर असताना मीटर विसात वीसच दाखवायला हवा. तसं झालं तर दोष झिजेचा, आणि तरीही २०.३ आले तर मीटरच्या गिअरमध्येच काहीतरी आहे. तोपर्यंत वहीत दोन रकाने ठेवतोय, एक मीटरचा आणि एक सुधारलेला. जुना रकाना खोडायचा नाही, कारण उद्या ०.९८ चुकीचं निघालं तर मूळ रीडिंग हाताशी हवीत.